गाठींवर ठरलेला प्रीमियर

"वाच," नूरभाऊ म्हणाले. हातात मिक्सरची मोटर होती आणि डोळे मोटरीत होते.

ताबिश दुकानाच्या उंबऱ्यात बसला होता. त्याने मोबाइल थोडा लांब धरला आणि वाचून दाखवलं.

"वीज नव्हती. रस्ताही धड नव्हता. तरी एक माणूस जीपमध्ये सिनेमा घालून या जंगलात जायचा. तो माणूस माझा बाप. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं त्याच रस्त्यानं पुन्हा गेलो. नवा व्हिडिओ, 'अब्बांचा रस्ता'. प्रीमियर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता. सगळे मिळून पाहू. चॅनेल आवडत असेल तर सबस्क्राइब करा, बरं वाटेल."

नूरभाऊंनी मोटरीतला कार्बन फुंकून उडवला. मग म्हणाले, "'बरं वाटेल' चांगलं हाये. राहू दे."

हा मजकूर तिसऱ्यांदा लिहिलेला होता. पहिल्या खेपेला त्यात 'खतरनाक जंगल' असे शब्द होते. नूरभाऊंनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, खतरनाक कोन, मी का व्हिडिओतला जंगू? ते शब्द गेले. दुसऱ्या खेपेला शेवटी 'सबस्क्राइब ठोका' होतं. त्यावर ताबिशची आई, खैरुनबी, आतून म्हणाल्या होत्या की घरी आलेल्या पाहुण्याले कोनी ठोका म्हनते काय. तेही गेलं.

ताबिशचं चॅनेल लहान होतं. मोटरसायकलवरून चंद्रपूर-गडचिरोलीचे रस्ते तो दाखवायचा. नदीवरचे बुडते पूल, आलापल्लीचे उंच साग, हेमलकशाकडची वळणं. बघणारे थोडे होते, पण ठरलेले होते. हा व्हिडिओ त्याने प्रीमियर म्हणून टाकायचं ठरवलं होतं. प्रीमियर म्हणजे काय, ते त्याने बापाला समजावून सांगितलं होतं. व्हिडिओ तयार असतो, पण बंद असतो. दिवस आणि वेळ आधी जाहीर करायची. पान उघडलं की किती वेळ उरला ते आकडे उलटे पळताना दिसतात. ज्याला यायचं तो आठवण लावून ठेवतो. वेळ झाली की सगळ्यांना एकदम दिसतं, बाजूला लोकांच्या गप्पा चालू राहतात, आणि कोणालाही पुढे पळवून शेवट बघता येत नाही.

नूरभाऊंनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "मंग हे तं व्हिडिओच झालं बापा. सतरंजी तेवढी नाई."

अहेरीत एके काळी 'व्हिडिओ' या शब्दाचा अर्थच नूरभाऊ होता.

त्यांचे वडील आलापल्लीला लाकडाच्या डेपोवर मोजणीदार होते. नूर मोहम्मद शाळेत फार रमला नाही. रेडिओ उघडणं आणि बंद करणं, यात रमला. बंद केल्यावर एखादा स्क्रू उरायचा आणि रेडिओ तरी वाजायचा. लोक म्हणायचे, याच्या हाताला काहीतरी आहे. नव्वदच्या आसपास त्याने नागपूरहून जुना रंगीत टीव्ही आणला, कॅसेट लावायचा एक व्हीसीपी आणला, आणि एक जनरेटर. जनरेटर इतका ओरडायचा की तो गावाबाहेर ठेवून लांब वायर ओढावी लागे. भाड्याच्या जीपमध्ये हे सगळं गाद्यांमध्ये गुंडाळून तो निघायचा. टीव्ही खैरुनबींच्या लग्नातल्या गादीत असे. त्या अजूनही सांगतात की लग्नानंतरची तीन वर्षं त्या गादीवर टीव्हीच जास्त झोपला.

धान कापून घरात आलं की हंगाम सुरू व्हायचा. उन्हाळ्यात तेंदूपानांची तोडणी सुरू झाली की संपायचा. मधल्या दिवसांत नूरभाऊ अहेरीत दिसायचे नाहीत. पेरिमिलीच्या पलीकडे, नदीनाल्यांच्या वाटेने, एकेक गाव. लोक जेवून यायचे. पोरं पुढे, बाया डावीकडे, माणसं मागे उभी. नूरभाऊ टीव्हीशेजारी उभे राहून सिनेमाआधी चार वाक्यं बोलायचे, कारण हिंदी सगळ्यांना समजत नसे. हा भला माणूस, हा लुच्चा, ही याची माय, एवढं सांगितलं की गाव पुढचं आपलं आपण पाहायचं. शेवटी म्हणायचे, बसजा, पाहजा, नाई आवडलं तं उठून जाजा. कोणी उठून गेल्याचं त्यांना आठवत नाही. एकदा एक म्हातारी उठली होती. ती घरून शेकोटीचं लाकूड आणायला गेली होती.

अडचण एकच होती. येणार कधी, हे गावाला कळवायचं कसं. फोन नव्हता. पत्र पोचायचं नाही, पोचलं तरी वाचणार कोण. तारीख सांगून उपयोग नव्हता, कारण भिंतीवर कॅलेंडर असलं तर ते गणपतीच्या चित्रासाठी असायचं.

वाट दाखवली ती नेलमेट्ट्याच्या जंगूने. नेलमेट्टा हे पेरिमिलीच्या आतलं माडिया आदिवासींचं गाव. जंगू अहेरीच्या आठवडी बाजाराला मीठ न्यायला यायचा. त्याने नूरभाऊंची अडचण ऐकली, झाडाच्या सालीची एक दोरी घेतली आणि तिला गाठी मारल्या. जितक्या दिवसांनी यायचं, तितक्या गाठी. गावात रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की तो दिवस. लग्न असो, देवाचं काम असो, त्यांच्याकडे आवतण असंच जायचं. जंगू म्हणाला होता की कागद भिजते, तोंड विसरते, गाठ तशीच राह्यते.

मग नूरभाऊंचा धंदाच गाठींवर चालू लागला. बाजाराच्या दिवशी प्रत्येक गावचा एक माणूस गाठायचा आणि त्याच्या हातात दोरी द्यायची. तेवढंच. आजूबाजूच्या पाड्यांना कळवायचं काम गाव करायचं. एकदा दोरी गेली की दिवस बदलायचा नाही. बदलणार कसा? गाठ बाजारातून निघाली की तिच्या मागे धावत जाता येत नव्हतं.

आणि एकदा तेच झालं होतं. व्हिडिओच्या शेवटच्या हंगामात, दोन हजार एक साली. नेलमेट्ट्याची दोरी गेली होती. निघायच्या दिवशी सकाळी जनरेटर बसला. पिस्टन जाम. नूरभाऊंनी दिवसभर तो उघडून पाहिला, बंद करून पाहिला. या खेपेला स्क्रूही उरला नाही आणि तो चालूही झाला नाही. कळवायचा उपाय नव्हता. तिकडे तीन पाड्यांचे लोक चटया घेऊन आले, बसले, वाट पाहिली आणि उजाडल्यावर परत गेले.

पुढच्या बाजाराला जंगू आला. रागावला नाही. त्याने कमरेतून दोरी काढली आणि नूरभाऊंच्या हातात ठेवली. एकही गाठ नव्हती. "सुटली सारी," एवढं बोलला, मीठ घेतलं आणि गेला.

नूरभाऊ जनरेटर दुरुस्त करून आठवड्याने तिकडे गेले, पण गाव तेंदूपानावर गेलेलं होतं. पुढच्या हंगामात छपरांवर डिश दिसू लागल्या, जीपवाल्याने जीप विकली, आणि नूरभाऊंनी चौकात मिक्सर-पंख्याचं दुकान टाकलं. जंगू पुढे बाजारात दिसायचा. जोहार व्हायचा. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

म्हणून ताबिशने जुन्या रस्त्याने जायचं काढलं, तेव्हा नूरभाऊ पहिल्यांदा नको म्हणाले होते. मग गेले. व्हिडिओत ते जंगूच्या अंगणात बसलेले दिसतात. दोघंही म्हातारे. बोलणं थोडं, हसणं जास्त. जंगू कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारतो की यात आम्ही केव्हा दिसू. नूरभाऊ म्हणतात, दिसशीन. सांगतो मी तुले.

आणि त्यांनी सांगितलंही होतं. ताबिशने दिवस ठरवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी अहेरीचा बाजार होता. जंगूचा पोरगा बुधू मोहफुलं घेऊन आला होता. बुधूकडे मोबाइल होता. गावात रेंज नव्हती, पण गावामागच्या टेकडीवर, एका मोठ्या दगडाजवळ, अधूनमधून येत होती. नूरभाऊंनी त्याला ताबिशकडून पान दाखवून घेतलं, आठवण लावून घेतली. संध्याकाळी सहाची वेळ नूरभाऊंनीच ताबिशला मागितली होती. ढोरं घरी आलेली असतात, उजेड असतो, आणि अस्वलाच्या आधी माणसं टेकडीवरून खाली येतात.

ताबिश गेल्यावर त्यांनी खिशातून सुतळी काढली. बुधू हसायला लागला.

"भाऊ, मोबाइलमध्ये लागली ना आठवन."

"ते तुह्यासाठी. हे जंगूसाठी," नूरभाऊ म्हणाले आणि शुक्रवारपर्यंतच्या गाठी मारून सुतळी त्याच्या हातात दिली. मारताना बोटं जरा अडली. पंख्याच्या तारा गुंडाळणारी बोटं, पण ती गाठ वेगळी.

ताबिशला या सुतळीचं काही ठाऊक नव्हतं.

बुधवारी तो दुकानात आला तो उभाच राहिला. चेहरा उजळलेला होता. नागपूरचा एक मोठा चॅनेलवाला होता, लाखांनी बघणारे. त्याने ताबिशचा मजकूर वाचला होता. त्याला तो आवडला होता. तो म्हणत होता की प्रीमियर रविवारी ठेव, मी माझ्या लोकांना सांगतो, आणि वेळ झाली की गप्पांमध्ये स्वतः येऊन बसतो. शुक्रवारी त्याचा स्वतःचा व्हिडिओ होता, त्यामुळे शुक्रवार जमणार नव्हता.

"मी रविवार करून टाकला," ताबिश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम हाये. तारीख बदलली, खालचा मजकूर बदलला. ज्यानं आठवन लावली त्याले नव्या वेळेवरच आवाज येते."

नूरभाऊंनी पेचकस खाली ठेवला.

"नेलमेट्ट्याले दोरी गेली," ते म्हणाले.

ताबिशला आधी कळलंच नाही. मग नूरभाऊंनी बुधूच्या हाती दिलेल्या सुतळीचं सांगितलं. ताबिश हसला, आणि बापाचा चेहरा पाहून हसायचा थांबला. तो म्हणाला, बुधूच्या मोबाइलमध्ये रविवार आपोआप झाला असेल. नूरभाऊ म्हणाले, टेकडी चढेल तेव्हा ना. टेकडी ते शुक्रवारी चढणार. ताबिशने फोन लावून पाहिला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

"ठीक हाये," तो म्हणाला. "मी बुधूसाठी वेगळी लिंक करून ठेवतो. शुक्रवारी ते वर गेले की त्याले मेसेज भेटीन. ते शुक्रवारी पाह्यतीन, बाकीचे रविवारी. कोनाचं काय बिघडते?"

उपाय चांगला होता. नूरभाऊंना त्यात चूक काढता येईना. ते मिक्सरचं भांडं पुसू लागले.

"मंग ते एकटेच पाह्यतीन," शेवटी म्हणाले. "म्या त्याईले एकटं पाहाले नाई बोलावलं. म्या सांगतलं, सारी दुनिया तुमच्या संगं बसन."

"अब्बा, सारी दुनिया रविवारी येऊन राह्यली. पह्यल्यांदा."

पोरगा खोटं बोलत नव्हता. तीन वर्षं तो ऊन-पावसात मोटरसायकल हाणत होता, पेट्रोलसाठी लग्नांचे फोटो काढत होता, आणि आता कुठे कोणीतरी त्याचं दार वाजवत होतं. नूरभाऊंनाही दार वाजवणारे लोक आठवत होते. जीप दिसली की पोरं नाल्यापासून मागे धावत यायची. त्यासारखं दुसरं सुख त्यांना पुढे मिळालं नव्हतं. ते पोराला मिळू नये असं ते कसं म्हणणार.

"कर रविवार," ते म्हणाले. "तुहं काम हाये."

ताबिशने मोबाइल खिशात घातला. मग मोटरसायकलचा आवाज दूर गेला.

शुक्रवारी सकाळी नूरभाऊंनी दुकान उघडलं नाही. पिशवीत पाण्याची बाटली घातली. खैरुनबींनी कुठे म्हणून विचारलं नाही. चपात्या कागदात गुंडाळल्या, वर आंब्याचं लोणचं ठेवलं.

"गुडघे तुमचे हायेत का जनरेटर?" त्या म्हणाल्या. "मधातच बसतीन."

"बसले तं बसले. सांगाले जातो. त्या खेपेले कोनी सांगाले गेलं नव्हतं."

खैरुनबींनी पिशवीचं तोंड बांधलं. त्यांना ती दोरी ठाऊक होती. ती त्या काळी नूरभाऊंनी घरी आणून खुंटीवर टांगली होती, आणि पावसाळ्यात खैरुनबींनीच ती एकदा चुलीत घातली होती, कारण नवरा येता-जाता तिच्याकडे बघायचा.

भामरागडची एसटी वेळेवर सुटली. नूरभाऊंना खिडकी मिळाली. रस्ता आता डांबरी होता. जिथे जीप गाळात बसायची आणि गाव येऊन ढकलायचं, तिथे पूल झाला होता. पूल एका क्षणात मागे गेला. त्या गाळात त्यांनी किती संध्याकाळी काढल्या होत्या. टीव्ही डोक्यावर घेऊन नाला ओलांडणारा पत्रू, जीपवाला. तो पाण्यात मधोमध उभा राहून गाणं म्हणायचा, आणि नूरभाऊ काठावरून शिव्या घालायचे की आधी टीव्ही आण, मग गा. पत्रू आता नव्हता. कंडक्टर पोरगा होता. त्याने नूरभाऊंना फाट्यावर उतरवताना विचारलं, बाबा, इथी कोन हाये तुमचं? नूरभाऊ म्हणाले, आवतण हाये.

फाट्यापासून पायवाट होती. गुडघे एकदा बसले. सागाखाली थांबून त्यांनी चपाती खाल्ली. पुढच्या वळणावर कोंबड्याचा आवाज आला आणि नेलमेट्टा आलं.

गाव रिकामं होतं. एक म्हातारी ओसरीत होती. तिने टेकडीकडे हात केला.

नूरभाऊ चढले. वर पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, आणि जे दिसलं त्याने ते जागच्या जागी उभे राहिले.

मोठ्या दगडावर बुधूचा मोबाइल एका काटकीला टेकवून उभा केला होता. शेजारी बाजारातून आणलेला लहान स्पीकर. त्याच्यासमोर चटया. पोरं पुढे. बाया डावीकडे. माणसं मागे उभी. दगडावरच्या वीतभर काचेकडे सगळं गाव तोंड करून होतं. दुसऱ्या पाड्यांचेही लोक दिसत होते. बसण्याची रीत तीच होती, ओरडणारा जनरेटर तेवढा नव्हता.

जंगू पुढे चटईवर बसला होता. मनगटाला सुतळी गुंडाळलेली. सरळ, बिनगाठीची.

नूरभाऊ वाकून त्याच्याजवळ बसले. घाम पुसला. सगळ्यांसमोर बोलण्याआधी याला सांगावं असं त्यांना वाटलं.

"जंगूभाऊ, आज नाई होत. पोट्ट्यानं दिवस पुढं नेला. रविवार केला. तुम्ही येऊन बसले असान म्हनून सांगाले आलो."

जंगूने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चपलांकडे, धुळीकडे.

"चालत?"

"फाट्यापासून."

"तवा कोनी नाई आलं," जंगू म्हणाला. "आज तू आला."

जंगू सरकला आणि चटईवर जागा केली. म्हणाला, बस मंग. आलोच हाओत तं बसू. कोणी उठलं नाही. पोरांना काय झालं ते कळलंच नव्हतं. बायांमध्ये कोणीतरी हळूच हसलं. बुधूला मात्र चैन पडेना. तो मोबाइल उचलून हात वर करून रेंज शोधत होता. दगडावर चढला, उतरला, पुन्हा चढला.

"भाऊ," तो वरूनच म्हणाला, "इथी तं आकडे पळून राह्यले."

"रविवारचे असतीन."

"नाई नं. मिनिटं पळून राह्यले. तासच नाई."

नूरभाऊ उठले. गुडघ्याने आवाज केला. बुधूने मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. आकडे खरंच उलटे पळत होते आणि फार उरले नव्हते. खाली मजकूर होता. तोच होता, पण तसा नव्हता. नूरभाऊंचा चष्मा खिशात होता. तो काढेपर्यंत बुधूनेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेत वाचतात तसं, शब्दांवर बोट ठेवल्यासारखं.

"शेवटची गाठ सुटली की या. ज्यांच्याकडे दोरी नाही त्यांच्यासाठी, शुक्रवार, संध्याकाळी सहा. मधे रविवार लिहिला होता, तो विसरा. माझे अब्बा एकेकाळी जीपमध्ये सिनेमा घालून ज्या रस्त्यानं जायचे, त्या रस्त्याची ही गोष्ट आहे. नेलमेट्ट्याचे लोक आधीपासून येऊन बसले आहेत. त्यांच्या मागे जागा आहे. बसा, पाहा, आवडलं तर सबस्क्राइब करा. नाही आवडलं तर उठून जा, काही हरकत नाही."

बुधूने माडियात चार शब्दांत ते सगळ्यांना सांगितलं. मागच्या माणसांनी मान हलवली. एक म्हातारा मागे वळून पाहू लागला, मागे जागा आहे का म्हणून. मागे नुसता उतार होता, आणि त्याखाली जंगल.

नूरभाऊंनी चष्मा लावला, पण वाचलं नाही. काच धूसर झाली होती. शेवटचं वाक्य आपलं आहे, हे त्यांना ऐकूनच कळलं होतं. पोराने ते कधी ऐकलं असेल? व्हिडिओ बंद झाला तेव्हा तो कडेवर होता. मग त्यांना खैरुनबी आठवल्या. आपण निघाल्यावर त्यांनीच पोराला सगळं सांगितलं असणार. खुंटीवरची दोरी जाळली होती, गोष्ट जाळली नव्हती.

नागपूरवाल्याचं काय झालं असेल, हेही त्यांच्या मनात आलं. तो आता येणार नव्हता. पान उघडून किती जण बसलेत त्याचा आकडा वर दिसत होता. लहान आकडा होता. ताबिशची ठरलेली माणसं. आणि या टेकडीवरचं सगळं गाव त्यात एकच माणूस म्हणून मोजलं गेलं होतं.

"ठेव रे दगडावर," जंगू बुधूला म्हणाला. "लोकाईले दिसू दे."

मोबाइल पुन्हा काटकीला टेकला. आकडे संपले. काच काळी झाली, मग उजळली. स्पीकरमधून मोटरसायकलचा आवाज आला आणि पुढची पोरं दचकून मागे सरकली. अहेरीचा चौक दिसला, बंद दुकान दिसलं, मोटरसायकलवर मागे बसलेले नूरभाऊ दिसले. लोकांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा चटईवरच्या नूरभाऊंकडे. दोन्हीकडे एकच शर्ट होता. बायांना ते फार आवडलं.

मग पेरिमिलीचं वळण आलं, नाला आला, आणि जंगूचं अंगण यायच्या जरा आधी चित्र थांबलं. काचेच्या मधोमध एक गोल फिरू लागला.

बुधू हात वर करून धावला. नूरभाऊंनी मागे पाहिलं. कोणी उठलं नव्हतं. एका बाईने मांडीवरचं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं, एवढंच.

जंगू पुढे वाकून त्या फिरत्या गोलाकडे बघत होता.

"जनरेटर बसला काय रे याचा?" त्याने विचारलं.

आधी मागची माणसं हसली, मग बाया, मग काही न कळून पोरं. ज्यांनी त्या दिवशी उजाडेपर्यंत वाट पाहिली होती, ते सगळ्यात जास्त हसले. नूरभाऊही हसले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला. जंगूने मनगटावरची सुतळी सोडवली आणि हसता हसताच त्यांच्या हातात ठेवली.

गोल फिरायचा थांबला. काचेत अंगण आलं. अंगणात दोन म्हातारे बसले होते, आणि त्यातला एक कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारत होता की यात आम्ही केव्हा दिसू.